पुसलेला शेवटचा शॉट

वहिनी मला कामाच्या वेळात कधी फोन करत नाही. मी विद्यापीठातले सर्व्हर सांभाळते, आणि दिवसभर कुणी ना कुणी माझ्या टेबलाशी आपल्या हरवलेल्या फाइलचं रडगाणं गात उभं असतं, हे तिला माहीत आहे. त्यामुळे भर सकाळी तिचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी समोरच्याला थांबवून फोन उचलला. दादाला झटका आला त्या सकाळीही तिने असाच फोन केला होता.

"घाबरू नकोस," ती आधी म्हणाली. "ते ठीक आहेत. पण ढब्बू, जरा येऊन जाशील का? धड जेवत नाहीत. दिवसभर स्टुडिओत बसतात, आणि मी दार उघडलं की स्क्रीन बंद करतात."

पन्नाशी उलटलेला नवरा बायको आली की स्क्रीन बंद करतो म्हटल्यावर कुणाच्याही मनात जे येईल ते माझ्याही मनात आलं. पण आमच्या दादाला तेवढीही अक्कल नाही. त्याला जगात दोनच गोष्टींत रस: बाहुल्या, आणि त्या बाहुल्यांना अंगरखे शिवणारी ही बाई. मी अर्धी रजा टाकली आणि निघाले.

दादा बाहुल्यांचे चित्रपट करतो. म्हणजे बाहुली टेबलावर उभी करायची, फोटो काढायचा, तिचा हात केसभर हलवायचा, पुन्हा फोटो काढायचा. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की बाहुली चालते, रडते, नाक पुसते. दिवसभर राबल्यावर पडद्यावर जेमतेम एक श्वास घेऊन होतो. मी लहानपणापासून म्हणत आले की हा धंदा नव्हे, हा आजार आहे. तरी त्याच्या बाहुल्या पाहताना माझेच डोळे सगळ्यात आधी भरतात, तो भाग वेगळा.

सध्याच्या चित्रपटात एक म्हातारा आणि एक म्हातारी आहेत. दोघं सगळा वेळ भांडतात: खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहात साखर किती. शेवटच्या शॉटमध्ये म्हातारी खुर्चीत झोपलेली असते. म्हातारा तिच्या अंगावर शाल घालतो, तिच्या केसांवरून हात फिरवावा म्हणून हात पुढे करतो, बिचकतो, मागे घेतो, आणि मग अलगद ठेवतो. बस्स. हा शॉट दादाने तीन वेळा घेऊन टाकून दिला होता. चौथ्यांदा त्याला हवा तसा झाला. रात्री वहिनीला म्हणाला, जमलं. त्याची सवय अशी की शॉट झाला की तो बघायचा नाही, रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघायचा आणि पसंत पडला तरच दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचा. त्या सकाळी तो दात घासता घासता खाली बसला, आणि उजवं अंग गेलं.

पाय बराचसा परत आला. बोलणंही आलं, जरा सावकाश. उजवा हात मात्र आला नाही. तो खांद्याला असतो, एवढंच.

मी पोचले तेव्हा दादा स्टुडिओत होता. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराची मागची खोली: काळे पडदे, जमिनीला चिकटपट्टीने जखडलेले दिवे, मधे टेबलावर ती चिमुकली खुर्ची, खुर्चीत म्हातारी, बाजूला म्हातारा. झटक्याच्या दिवसापासून वहिनीने सेटला हात लावला नव्हता, फक्त वर पातळ चादर टाकली होती. आज चादर काढलेली होती.

"काय रे," मी म्हटलं, "काय पाहतोस इतकं चोरून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लहानपणी काचेची बरणी फोडल्यावर करायचा तसा चेहरा केला.

"दार लाव," तो म्हणाला.

मी दार लावलं.

"शेवटचा शॉट गेला, ढब्बू."

"गेला म्हणजे?"

"मी पुसला. मीच. आरएम कमांड मारून."

तो कुठला शॉट ते मला माहीत होतं, आणि तो पुन्हा का घेता येणार नाही तेही समोर दिसत होतं. ते त्याच्या मांडीवर निपचित पडलं होतं.

त्याचं हळूहळू ऐकून घेतलं ते असं. इतके महिने त्याने त्या शॉटकडे पाहिलंच नव्हतं. धीर होत नव्हता. गेल्या आठवड्यात एकदाचा धीर केला. त्याच्या मशीनवर मीच कधीतरी विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं आणि 'चालव' नावाची छोटी कमांड लिहून दिली होती; ज्या फोल्डरमध्ये उभं असू तिथली सगळी चित्रं ती ओळीने दाखवते. शॉटच्या फोल्डरमध्ये तो पोचला. पण एका हाताने टाइप करायचा कंटाळा, म्हणून वरच्या बाणाची कळ दाबत जुन्या कमांड मागे मागे बघत गेला. कमांड टाइप करायच्या त्या टर्मिनलमध्ये ती सोय असते, आधी दिलेली कमांड पुन्हा समोर येते. ती कळ कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात. डावा हात आडवा नेऊन तो दाबत होता, आणि नजर स्क्रीनवर नव्हती, बोटांवर होती. एकदा जास्त दाबली गेली.

'चालव'च्या शेजारी कोणती कमांड असणार? रोज चाचणीच्या फ्रेम्स साफ करायला तो वापरायचा तीच. आरएम, वजा एफ, आणि तारांकन. म्हणजे इथलं सगळं पुसून टाक आणि मला काही विचारू नको. ती कमांड चाचण्यांच्या फोल्डरमध्ये शेकडो वेळा बिनबोभाट चालली होती. ती कुठे उभं राहून दिली जाते आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्याने एंटर मारलं.

"काही वाजलं नाही की दिसलं नाही," दादा म्हणाला. "मला वाटलं चाललंच नाही. मग 'चालव' दिलं, तर म्हणतं चित्रच नाहीत."

"कचऱ्याच्या डब्यात नसतं ते," मी म्हटलं.

"पाहिलं मी. डबा रिकामा."

"रिकामाच असणार. माउसने पुसलं की फाइल डब्यात जाते, म्हणजे नुसती या खोलीतून त्या खोलीत जाते. आरएमला डबा माहीत नाही." मी खुर्ची ओढून बसले. "बरं, त्यानंतर ह्या डिस्कवर काही लिहिलंस का? काही उतरवलंस, काही ठेवलंस?"

त्याने माउस माझ्याकडे सरकवला.

मी माउस हातात घेऊन शॉटचं फोल्डर उघडलं. त्यात चित्रं होती. चांगली पन्नासेक.

"अरे, हे काय? आहेत की फ्रेम्स!"

"त्या नंतरच्या," दादा म्हणाला. आणि डावा हात थोडासा उचलून दाखवला.

मला कळायला क्षण लागला. तो गेले पाच-सहा दिवस दार लावून हा शॉट डाव्या हाताने पुन्हा घ्यायचा प्रयत्न करत होता. शाल त्याला जमली नसावी, शाल सोडून दिली होती. फक्त म्हाताऱ्याचा हात. आणि प्रत्येक नवी फ्रेम कॅमेऱ्यातून तारेने थेट त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरमध्ये जाऊन बसत होती. कॅमेऱ्यात वेगळं कार्डही नसतं की त्यातून काही सापडावं.

माझं तोंड फटकळ आहे. ते सुटलं.

"दादा, तुला मेलं काही कळतं का? एक फोन करायला काय झालं होतं? पुसल्यावर चित्र लगेच जात नाही, ते तिथेच असतं! पण त्या जागेवर पाटी लागते 'रिकामी' म्हणून. तू जी जी नवी फ्रेम काढलीस ती त्या रिकाम्या जागांत जाऊन बसली. तू तुझा शॉट स्वतःच्या हाताने—"

आणि तिथे मी थांबले, कारण दादा रडत होता. आवाज न करता, डाव्या हाताने डोळे पुसत. उजवा गाल ओला राहिला, तो त्याला नीट कळतही नव्हता.

दार उघडलं. वहिनी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"म्हणून स्क्रीन बंद करत होतात?" ती म्हणाली.

"तुला कसं सांगू?" दादा म्हणाला. "तू ती शाल शिवायला किती..."

वहिनीने त्या शालीच्या काठात केसासारखी बारीक तार ओवली होती, शाल फ्रेमगणिक वळावी म्हणून. तिची बोटं त्या आठवड्यात पट्ट्यांनी भरली होती.

"अहो, शाल आहे की तिथेच," ती म्हणाली. ती पुढे आली आणि पदराने त्याचा उजवा गाल पुसला. "मला वाटलं मी नकोशी झाले. वेडे कुठले."

मी डिस्ककडे वळले. ते माझं काम.

पहिलं काम म्हणजे त्या डिस्कवर आणखी एकही अक्षर पडू द्यायचं नाही. नशिबाने चित्रांची डिस्क वेगळी होती. मी ती सिस्टिमपासून सोडवली, मशीन बंद केलं, डिस्क काढून हातात घेतली आणि दादाला सांगितलं, आता ह्या खोलीत कुणी शिंकायचंही नाही.

"दुसरं एक बरं झालं," मी म्हटलं. "ही जुन्या चालीची, आत तबकडी फिरणारी डिस्क आहे. नवी चिपवाली असती तर तिला कळलं असतं की या जागा रिकाम्या झाल्या, आणि तिने दोन-चार दिवसांत त्या आतून साफ करून टाकल्या असत्या. मग मी येऊन फक्त चहा प्यायले असते."

"म्हणजे मिळेल?" वहिनीने विचारलं.

खोटं बोलायचं नाही, हा आमच्या धंद्यातला एकुलता एक धर्म. मी म्हटलं, "थोडं मिळेल. किती ते सांगता येत नाही."

मी बाजारातून मोठी नवी डिस्क आणली, आणि माझ्या लॅपटॉपवरून जुन्या डिस्कची पहिल्यापासून शेवटपर्यंत हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवायला लावली. रिकाम्या म्हटल्या गेलेल्या जागांसकट. जे काही करायचं ते नकलेवर. मूळ डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात. नकलेला वेळ लागतो. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो, आणि वहिनी काय काय विचारू लागली. ती शिवणारी बाई आहे, तिला उलट्या बाजूने टाके बघायची सवय.

"जर चित्र तिथेच आहे, तर आरएम परत फिरवता का येत नाही?"

"असं बघ," मी म्हटलं. "फाइलचं नाव एका ठिकाणी असतं. तिचे तुकडे डिस्कवर कुठे कुठे ठेवलेत तो पत्ता दुसऱ्या ठिकाणी. आणि खुद्द चित्र तिसऱ्या ठिकाणी. आरएम नाव खोडतं. पूर्वीच्या व्यवस्थेत पत्ता तसाच राहायचा, तर तो धरून मागे जाता यायचं. ह्या डिस्कवरची व्यवस्था नवी आहे, ती फाइल पुसताना पत्त्याचा रकानाही कोरा करते. घर उभं आहे, पण ना दारावर पाटी, ना गल्लीचं नाव."

"मग शोधायचं कसं?"

"आधी एक बारकी आशा आहे. डिस्क आपल्या हालचालींची ताजी टिपणं ठेवते, वीज गेली तर सावरता यावं म्हणून. त्यात कधीकधी जुना पत्ता सापडतो. पण जागा थोडी असते, नवी टिपणं जुन्यांवर चढतात."

"आणि मी सहा दिवस काम केलं," दादा म्हणाला.

"आणि तू सहा दिवस काम केलंस," मी म्हटलं. ह्या वेळी हळू म्हटलं.

ती आशा संध्याकाळीच संपली. टिपणांत डाव्या हाताच्या फ्रेम्स होत्या, बाकी काही नाही. मग उरला शेवटचा मार्ग: नावगाव सोडून द्यायचं आणि डिस्क एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाळत जायचं. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्राची सुरुवात ठरावीक खुणेने होते. ती खूण दिसली की इथून चित्र सुरू झालं असं समजून पुढचं उचलायचं. माझ्याकडे त्यासाठीचा प्रोग्राम होता. तो लावून दिला आणि मी तिथेच सोफ्यावर आडवी झाले.

सकाळी पाहते तर चित्रंच चित्रं. हजारोंनी. वहिनी हर्षाने ओरडलीच. मी मात्र डोक्याला हात लावला.

कारण प्रोग्रामला 'शेवटचा शॉट' म्हणजे काय ते कळत नाही. त्याला रिकाम्या जागांत जे जे चित्र दिसलं ते त्याने उचललं होतं. म्हणजे दादाने आजवर आरएम मारून टाकलेली प्रत्येक चाचणी, प्रत्येक फसलेला टेक, वर्षानुवर्षांची रद्दी, सगळी हात जोडून उभी. आणि एकालाही नाव नाही, क्रमांक नाही. प्रोग्रामने आपल्या मनाने लावलेलं 'एफ अमुक तमुक', एवढंच.

"फोटोत आत वेळ नोंदलेली असते ना?" वहिनी म्हणाली. तिला हे ठाऊक होतं याचं मला कौतुक वाटलं.

"असते. पण ह्या खटाऱ्याची घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली आहे," मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "भिंतीच्या विजेवर चालतो. तापला की दादा तो बंद करतो, आणि चालू केला की त्याचं घड्याळ पुन्हा पहिल्या दिवसाच्या पहिल्या मिनिटावर. दिवसातून चारदा जगाची सुरुवात होते त्याच्यात."

"नवी बॅटरी टाकायला किती पडले असते?" वहिनीने दादाला विचारलं.

"मला कधी वेळ बघायची होती?" दादा म्हणाला. आणि कित्येक दिवसांनी थोडासा हसला.

शाल आणि म्हातारी दिसणारी चित्रं मी वेगळी काढली. चार टेक एकमेकांत कालवलेले. तीच खुर्ची, तोच दिवा, तोच हात. त्यातून हात पुढे जातानाचं चित्र आणि मागे येतानाचं चित्र माझ्या डोळ्यांना सारखंच. मी दोन तास घातले, एक ओळ लावली, चालवून पाहिली. म्हातारा बायकोच्या डोक्यावरची माशी मारतोय असं दिसत होतं.

"दादा, हे माझ्या बापाच्यानं होणार नाही," मी म्हटलं. "तुलाच बसावं लागेल."

"मला बघवणार नाही."

"तुझ्या उजव्या हाताने काय केलं ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण दादा उठला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. स्क्रीनकडे नाही, आधी स्वतःच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग मान वर केली.

"दाखव."

मी एकेक चित्र पुढे ढकलत गेले.

"हा पहिला टेक. टाक. ...हाही. ...ह्यात शालीचा काठ खाली बसलाय, दुसरा. ...थांब. हा चौथा."

"कशावरून?"

"अंगठा बघ."

मी चित्र मोठं केलं. म्हाताऱ्याच्या हातावर मातीचा पातळ थर होता, आणि अंगठ्याच्या बुडाशी दादाच्या बोटाचा ठसा.

"चौथ्यात मी ठसे पुसले नव्हते," तो म्हणाला. "पहिल्या तिन्हींत ओल्या ब्रशने गुळगुळीत करत होतो. फार स्वच्छ दिसत होता तो हात. कुणाच्या हातासारखा वाटत नव्हता. म्हणून चौथ्यात राहू दिले."

मग ती चित्रं आपोआप वेगळी होऊ लागली. त्यांचा क्रमही तो सांगत गेला, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघत राहावंसं वाटलं. हा पुढे जाताना, कारण कोपर खाली आहे. हा मागे येताना, कारण आधी मनगट निघतं, मग कोपर. माणूस बिचकला की असंच करतो. हा दुपारी, आमटी सांडली होती म्हणून माझा मूड गेला होता, बघ कसा रागाने ओढलाय. वहिनी मागे उभी राहून म्हणाली, आमटी मी नाही सांडली, तुम्ही सांडलीत. दोघांची त्यावरून जुंपली, आणि मी त्या आमटीची मनातल्या मनात दृष्ट काढली.

फसलेल्या टेकमध्ये कुठे कुठे वहिनीचा हातही आला होता. कडेने आत शिरलेली बोटं, पट्ट्या बांधलेली, शालीची घडी नीट करताना शटर दाबलं गेलेलं. ती चित्रं टाकायची होती. दादा प्रत्येक वेळी "टाक" म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी जरा उशिराने. मी ती टाकली नाहीत. एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत गेले. तो बघत होता, पण त्याने अडवलं नाही.

काही चित्रं अर्धीच होती: वर म्हातारी, खाली राखाडी पट्टा. डिस्कवर त्यांचे तुकडे लांब लांब ठेवले गेले होते आणि पत्ता नसल्यामुळे दुसरा तुकडा जुळत नव्हता. ती थोडी होती, शेजारच्या चित्रांनी भागलं. शाल पूर्ण आली. हात पुढे गेला, आला. बिचकला, आला. मागे गेला, आला. पुन्हा पुढे निघाला, अर्ध्या वाटेपर्यंत आला.

आणि संपला.

"पुढे?" दादा म्हणाला.

मी उरलेली चित्रं पुन्हा चाळली. अंगठ्यावर ठसा असलेलं एकही राहिलं नव्हतं. मग चौथ्या टेकची शेवटची चित्रं डिस्कवर जिथे सापडली होती त्याच्या लगेच पुढे काय आहे ते पाहिलं. तिथे पत्ता, नाव, सगळं धडधाकट असलेल्या फाइल होत्या.

"दादा," मी म्हटलं, "एका फोल्डरची चित्रं डिस्क शक्यतो जवळजवळ ठेवते. शेवटची चित्रं गेली त्या जागी तुझ्या डाव्या हाताची बसलीत. ती परत येणार नाहीत. वर दुसरं लिहिलं की खालचं कुणालाच काढता येत नाही. मला नाही, कुणालाच नाही."

मला वाटलं आता पुन्हा कोसळेल. तो नुसता बसून राहिला. हात हवेत धरलेला म्हातारा स्क्रीनवर, केसांपासून वीतभर लांब.

"कुठे आहेत त्या तुमच्या?" वहिनीने विचारलं. "डाव्या हाताच्या. दाखव गं ढब्बू."

"नको," दादा म्हणाला. "फालतू आहेत त्या. हात थरथरतो माझा, एक फ्रेम धड नाही."

"मी विचारलं ढब्बूला."

ह्या घरात कुणाचं चालतं ते मला माहीत आहे. मी 'चालव' दिलं.

म्हाताऱ्याचा हात हवेतून खाली येऊ लागला. जरा पुढे, मग थोडा चुकून बाजूला, मग सावरून पुढे. थांबला. बोटं बारीक हलत राहिली. केसांना टेकला, उचलला गेला, पुन्हा टेकला. खूप वेळ लागला त्याला. वहिनीने तोंडावर हात ठेवला.

"हे सगळं एकटे करत होतात तुम्ही? माझ्याशेजारच्या खोलीत?"

तिने मागून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, चांगल्या आणि गेलेल्या, आणि तशीच उभी राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण मी दोन मांडण्या शेजारी शेजारी लावून बघत होते, आणि मला घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं होतं.

"जुनी जिथे संपतात आणि नवी जिथे सुरू होतात, मधे उडी पडते," मी म्हटलं. "हात एकदम वर जातो. चार-पाच फ्रेम्स लागतील सांधायला. दिवे हललेले नाहीत, कॅमेरा हललेला नाही. सेट उभा आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग सेटकडे. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे, जसा तो त्याला कुणीतरी आत्ताच आणून दिला होता.

"रेकॉर्डिंग नव्या डिस्कवर लावलंय," मी म्हटलं. "आणि प्रत्येक फ्रेमची दुसरी प्रत लगेच माझ्या लॅपटॉपवर. आता तू आरएम बरळत सुटलास तरी चालेल."

तो उठून टेबलापाशी गेला. वहिनीने कॅमेऱ्याचं बटण हातात घेतलं. त्याने म्हाताऱ्याचं मनगट चिमटीत धरलं, श्वास रोखला, हलवलं. हात थरथरला. त्याने चिमटी सोडली, "घे," म्हणाला. खट्. पुन्हा धरलं. दुसऱ्या फ्रेमला म्हातारा कलंडला, वहिनीने सरळ केला, दादा तिच्यावर खेकसला, तिने त्याला तसंच उत्तर दिलं. मी मधे पडले नाही. त्या खोलीत कित्येक महिन्यांत कुणी कुणावर खेकसलं नव्हतं, आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी पाठ फिरवून नाक शिंकरून घेतलं.

चार-पाच लागतील म्हटलेल्या फ्रेम्सना दुपार झाली. मग मी सगळं ओळीने लावलं आणि दिवा मालवला.

म्हातारी झोपलेली. म्हातारा शाल उचलतो. ती वाऱ्याने वळावी तशी वळून तिच्या अंगावर पडते. हात पुढे जातो, बिचकतो, मागे येतो. पुन्हा निघतो, आणि अर्ध्या वाटेवर त्याला कापरं भरतं. सांधा मला दिसला, कारण मला माहीत होता कुठे आहे. हात कापत कापत खाली आला, केसांना टेकला, उचलला गेला, आणि पुन्हा टेकला. तिथेच राहिला.

मी पंख्याकडे बघत होते, कारण डोळे सांडायला आले होते.

"थरथरतोय," दादा शेवटी म्हणाला.

"म्हातारा आहे तो," वहिनी म्हणाली. "थरथरणारच की."

मी म्हटलं, "सेट उभाच आहे. हवं तर शेवट पुन्हा घेऊन बघू या का? सावकाश, नीट?"

दादा स्क्रीनकडेच बघत होता. वहिनीचा हात अजून त्याच्या गेलेल्या खांद्यावर होता, आणि त्याने आपला डावा त्यावर ठेवला.

"नको," तो म्हणाला. "उठेल ती."